मक्तेदाराचे एकच मागणीपत्रक आणि उत्पादनाची तीन उत्तरे: ३, ३.५ की ४?

वहीतली_शंका

नमस्कार. मी अर्थशास्त्राचा अभ्यास घरी बसून, मिळालेल्या टिपणांच्या आधारे करते आहे. मक्तेदारीच्या प्रकरणात एक सोडवलेले उदाहरण आहे आणि त्यापाशी मी दोन दिवस अडले आहे. टिपणांत मागणीपत्रकाचे पहिले दोनच स्तंभ दिले आहेत. पुढचे दोन मी स्वतः काढले.

| नग | किंमत | एकूण प्राप्ती | सीमांत प्राप्ती |
|---|---|---|---|
| १ | २० | २० | २० |
| २ | १८ | ३६ | १६ |
| ३ | १६ | ४८ | १२ |
| ४ | १४ | ५६ | ८ |
| ५ | १२ | ६० | ४ |
| ६ | १० | ६० | ० |
| ७ | ८ | ५६ | −४ |

स्थिर खर्च १० आहे आणि त्यानंतरच्या प्रत्येक नगाचा सीमांत खर्च ८ आहे. टिपणांतले उत्तर असे: सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्च चौथ्या नगाला समान होतात, म्हणून उत्पादन ४ आणि किंमत १४.

पडताळा म्हणून मी नफ्याचा स्तंभ काढला. तीन नगांवर ४८ वजा ३४ म्हणजे १४ नफा होतो आणि चार नगांवर ५६ वजा ४२ म्हणजेही १४ च. मग ४ हेच उत्तर का, ३ का नाही? त्यानंतर मी मागणीचे समीकरण मांडून विकलन करून पाहिले:

```
P  = 22 - 2Q
TR = 22Q - 2Q^2
MR = 22 - 4Q
22 - 4Q = 8  =>  Q = 3.5,  P = 15
```

आता माझ्याकडे तीन उत्तरे झाली. शिवाय समीकरणात १ नगाला सीमांत प्राप्ती १८ येते आणि तक्त्यात २०. दोन्हीकडे माझी बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, हे मी तीनदा तपासले आहे. नेमके काय चुकते आहे?

---

हिशोबनीस

मला तुमचा प्रश्न जरा वेगळाच दिसतो. चौथा नग १४ ला विकला जातो आणि तो तयार करायला ८ लागतात, म्हणजे त्या नगावर ६ उरतात. पाचव्यावर ४ उरतात, सहाव्यावर २. सातवा नग ८ ला जातो आणि खर्चही ८ च आहे. मग मक्तेदाराने सातव्या नगापर्यंत का जाऊ नये? हातात येणारा नफा सोडून चौथ्यालाच थांबणे मला पटत नाही.

मी भाषांतराची कामे घेतो. माझ्या भाषाजोडीत काम करणारे दुसरे कोणी फारसे नाही, त्यामुळे मीही छोटा मक्तेदारच म्हणायचा. ज्या ग्राहकाला जो दर परवडतो तो मी त्याच्याकडून घेतो आणि माझ्या वेळेची किंमत सुटेपर्यंत कामे घेत राहतो. टिपणांतल्या मक्तेदाराला हे का सुचत नाही?

---

अर्धवर्तुळ

तुमचे ३.५ हेच उत्तर बरोबर आहे आणि टिपणे चुकीची आहेत. सीमांत प्राप्ती म्हणजे एकूण प्राप्तीचे विकलन, आणि ते २२ − ४Q आहे, यात वादाला जागाच नाही. सरळ रेषेच्या मागणीला सीमांत प्राप्तीची रेषा किंमतीच्या अक्षावर त्याच बिंदूपासून सुरू होते आणि तिचा उतार दुप्पट असतो. तुमच्या तक्त्यातला स्तंभ मात्र २०, १६, १२, ८ असा आहे. त्यातून रेषा काढली तर ती २४ पासून सुरू होते. मागणी २२ पासून सुरू होते आणि सीमांत प्राप्ती २४ पासून, हे अशक्य आहे. म्हणून तक्त्यातला स्तंभ खोडून त्या जागी १८, १४, १०, ६, २ असे आकडे लिहा. पूर्ण नगच हवे असतील तर तिसऱ्या नगाला १० हे ८ पेक्षा जास्त आहेत आणि चौथ्याला ६ हे ८ पेक्षा कमी आहेत, म्हणून ३ वर थांबा.

---

वहीतली_शंका

@अर्धवर्तुळ, रेषा २४ पासून सुरू होते हे माझ्या लक्षात आले नव्हते, आता आलेख काढून पाहिला आणि खरेच तसे होते. पण स्तंभ खोडायला मन होत नाही, कारण ५६ मधून ४८ गेले की ८ च उरतात. ती वजाबाकी चुकीची कशी असेल?

---

खडू_आणि_फळा

तुमची वजाबाकी चुकलेली नाही आणि तुमचे विकलनही चुकलेले नाही. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या जागेचे आहेत. पण त्याआधी @हिशोबनीस यांच्या शंकेकडे जावे लागेल, कारण सीमांत प्राप्ती किंमतीपेक्षा कमी का असते हे हाताला लागल्याशिवाय पुढचे नुसते आकडे राहतील.

तीन नग विकायचे तर किंमत १६ आहे. चौथा ग्राहक १४ ला घेईल. मक्तेदाराने एकच किंमत लावायची असेल तर चौथ्यासाठी किंमत १४ करताना पहिल्या तिघांनाही ती १४ च करावी लागते. ते तिघे प्रत्येकी १६ देणार होते, आता १४ देतील. म्हणजे चौथ्याकडून १४ आले आणि आधीच्या तिघांकडचे ३ गुणिले २, म्हणजे ६ गेले. हातात निव्वळ ८ पडले. तक्त्यातला ८ हा तोच आहे. पाचव्या नगाला १२ येतात आणि आधीच्या चौघांवर ८ जातात, म्हणून ४ उरतात. सहाव्याला १० येतात आणि १० च जातात, म्हणून शून्य. सातव्या नगाचे ८ हातात दिसतात, पण ते घेताना सहा जणांवरचे १२ सुटतात. हिशोबनीसांनी मोजला तो फक्त येणारा भाग, जाणारा भाग त्यांच्या हिशोबात आलाच नाही.

त्यांच्या भाषांतराच्या कामात मात्र जाणारा भाग खरोखरच नसतो. नव्या ग्राहकाला कमी दर दिला म्हणून जुन्याचा दर त्यांना कमी करावा लागत नाही. याला मूल्यभेद म्हणतात, आणि प्रत्येकाकडून त्याची कमाल किंमत वसूल करता आली तर सीमांत प्राप्ती किंमतीएवढीच राहते. त्या स्थितीत सातव्या नगापर्यंत जाणे अगदी बरोबर ठरते. टिपणांतल्या मक्तेदाराला ते सुचत नाही असे नाही, त्याला ते करता येत नाही, असे गृहीत धरलेले असते. ग्राहक एकमेकांना माल परत विकू शकत असतील, किंवा कोण किती द्यायला तयार आहे हे विक्रेत्याला ओळखता येत नसेल, तर एकच किंमत लावावी लागते.

आता मूळ प्रश्न. तक्त्यातला ८ हा आकडा चौथ्या ओळीसमोर लिहिलेला आहे, पण तो चौथ्या ओळीचा नाही. तो तिसऱ्या ओळीवरून चौथ्या ओळीवर जाण्याच्या पावलाचा आहे. एकूण प्राप्ती ४८ वरून ५६ वर गेली, त्या प्रवासाची ती सरासरी चढण आहे. विकलन मात्र एका बिंदूवरची चढण सांगते. तीन नगांवर उभे राहिले तर ती चढण २२ − १२, म्हणजे १० आहे. चार नगांवर ती ६ आहे. वाटेतली सरासरी ८ झाली, आणि २२ − ४Q मध्ये ८ कुठे येतो ते पाहिले तर बरोबर ३.५ ला येतो. एकूण प्राप्ती अन्वस्त असली की प्रत्येक पावलाचा फरक हा त्या पावलाच्या मध्यबिंदूवरच्या विकलनाएवढाच येतो, तंतोतंत. २० हा ०.५ चा आहे, १६ हा १.५ चा, १२ हा २.५ चा आणि ८ हा ३.५ चा.

म्हणून आलेखावर हे बिंदू १, २, ३, ४ यांच्यावर न मांडता दोन आकड्यांच्या मधोमध मांडा. मग रेषा २४ ऐवजी २२ पासूनच निघेल आणि @अर्धवर्तुळ यांचा आक्षेप मिटेल. टिपणे लिहिणाऱ्याने बहुधा ते बिंदू ओळीच्या आकड्यावरच मांडले असावेत. तसे केले की रेषा अर्ध्या नगाने उजवीकडे सरकते, २४ − ४Q होते, आणि ती ८ ला बरोबर ४ वर छेदते. टिपणांतल्या आकृतीत छेदबिंदू ४ वर दाखवला आहे का, ते एकदा पाहून घ्या.

---

वहीतली_शंका

हो, आकृतीत छेदबिंदू ४ वरच आहे, आणि सीमांत प्राप्तीची रेषा किंमतीच्या अक्षापर्यंत नेलेलीच नाही, पहिल्या नगापाशी सुरू केली आहे. ती अक्षापर्यंत नेली असती तर चूक दिसली असती, हे आता कळते.

---

अर्धवर्तुळ

मध्यबिंदूची गोष्ट मला मान्य आहे, मी त्या बाजूने विचार केला नव्हता. पण मग माझा सल्ला चुकला कुठे? तक्त्यात १८, १४, १०, ६ लिहिले तर निदान समीकरण आणि तक्ता जुळतात. आणि ३ वर थांबा म्हटले, तर तिथे नफा १४ च आहे, म्हणजे उत्तरही बरोबरच आले.

---

खडू_आणि_फळा

या उदाहरणात ते योगायोगाने बरोबर आले. तक्त्यातल्या सीमांत प्राप्तीच्या स्तंभाची एक सोपी परीक्षा आहे: वरपासून हव्या त्या ओळीपर्यंत बेरीज करा, त्या ओळीची एकूण प्राप्ती यायला हवी. २०, १६, १२ आणि ८ यांची बेरीज ५६ येते. तुमच्या १८, १४, १० आणि ६ यांची येते ४८. आठ कुठे हरवले? प्रत्येक पावलाला त्याच्या शेवटच्या टोकाची चढण लावली, आणि चढण सतत कमी होत असल्यामुळे प्रत्येक पावलाला २ कमी मोजले गेले.

हे नुकसान दिसण्यासाठी सीमांत खर्च ८ ऐवजी ७ घ्या. तुमच्या स्तंभाप्रमाणे चौथ्याला ६ हे ७ पेक्षा कमी, म्हणून पुन्हा ३ वरच थांबावे लागेल. तिथे नफा ४८ वजा २१ वजा १०, म्हणजे १७ होतो. पण ४ नगांवर तो ५६ वजा २८ वजा १०, म्हणजे १८ होतो. मूळ स्तंभ वापरला असता तर चौथ्या पावलाला ८ येतात आणि ७ जातात हे लगेच दिसले असते. पूर्ण नगांमध्येच निवड करायची असेल तर फरकाचा स्तंभ वापरावा. समीकरणाने बिंदू शोधायचा असेल तर विकलन वापरावे. दोन्हींची सरमिसळ केली की असे होते. टिपणकर्त्याने फरकाच्या आकड्यांतून रेषा काढली आणि तुम्ही विकलनाचे आकडे ओळींमध्ये भरले. चूक एकच आहे, फक्त दिशा उलट.

---

दहाच्या_पटीत

हा धागा वाचून मला माझे जुने उत्तर आठवले, म्हणून लिहितो आहे. माझ्याकडच्या उदाहरणात नग दहा-दहाने वाढत होते.

| नग | किंमत | एकूण प्राप्ती | फरक |
|---|---|---|---|
| १० | ४५ | ४५० | ४५० |
| २० | ४० | ८०० | ३५० |
| ३० | ३५ | १०५० | २५० |
| ४० | ३० | १२०० | १५० |
| ५० | २५ | १२५० | ५० |
| ६० | २० | १२०० | −५० |

प्रत्येक नगाचा सीमांत खर्च २० होता. मी फरकाच्या स्तंभालाच सीमांत प्राप्ती म्हटले, ५० हे २० पेक्षा जास्त आहेत असे पाहिले आणि उत्पादन ५० लिहून मोकळा झालो. पूर्ण गुण गेले. तेव्हा मला वाटले होते की परीक्षकाने किंमत वाचण्यातली काही चूक धरली असावी. फरक दहा नगांचा आहे आणि खर्च एका नगाचा, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

आता भागून पाहिले. ४५, ३५, २५, १५, ५ असे येते. २५ हे २० पेक्षा जास्त आणि १५ हे कमी, म्हणून ३० वर थांबायचे. पण हे आकडे मी ओळींच्या समोर मांडून रेषा काढली तर ५५ − Q येते आणि छेदबिंदू ३५ वर जातो. हेही त्याच अर्ध्या पावलामुळे होते का?

---

खडू_आणि_फळा

हो, इथे पाऊल दहाचे आहे म्हणून घसरण पाचाची आहे, आणि म्हणूनच ती जास्त महाग पडते. किंमतीचे समीकरण ५० − ०.५Q असल्यामुळे खरी रेषा ५० − Q आहे आणि ती २० ला ३० वर छेदते. ३० नगांवर स्थिर खर्च वगळता १०५० वजा ६००, म्हणजे ४५० उरतात. ३५ नगांवर किंमत ३२.५ होते, प्राप्ती ११३७.५ आणि खर्च ७००, म्हणजे ४३७.५ उरतात. तुमच्या जुन्या ५० वर तर २५० च उरतात.

एक जाता जाता सांगतो. तक्त्यात ३५ ही ओळच नाही. तिथली किंमत ३२.५ आहे हे आपण रेषा जोडून मानले. मागणीपत्रकात ओळींमधल्या जागेबद्दल काहीही सांगितलेले नसते. बिंदू एका सरळ रेषेत आहेत म्हणून मधली जागाही तशीच असेल, हे आपले गृहीतक असते. किंमतीतला फरक ओळीगणिक सारखा नसेल, तर एकच समीकरण काढण्याच्या फंदात न पडलेले बरे. अशा वेळी फरकाचा स्तंभ आणि नफ्याचा स्तंभ यांवरच विसंबावे.

---

हिशोबनीस

माझी चूक लक्षात आली, धन्यवाद. तरी एक विचारतो. आणखी एका ग्राहकासाठी सर्वांची किंमत उतरवावी लागणे, हीच सगळी मेख असेल, तर खर्च शून्य असलेल्या मक्तेदाराने कुठे थांबायचे? माझ्यासारख्याचा कागद आणि वीज सोडली तर खर्च जवळपास नसतोच.

---

खडू_आणि_फळा

हा प्रश्न फार जुना आहे. फ्रेंच गणिती कूर्नो यांनी १८३८ साली मक्तेदारीचे गणित मांडताना नेमका असाच मालक घेतला होता: खनिज पाण्याच्या झऱ्याचा धनी, ज्याला पाणी काढायला काहीच खर्च येत नाही. त्याला फक्त एकूण प्राप्ती मोठ्यात मोठी करायची असते, म्हणून सीमांत प्राप्ती शून्य होईल तिथे तो थांबतो.

मूळ तक्त्यात पाहा, एकूण प्राप्ती ५ आणि ६ या दोन्ही नगांवर ६० आहे आणि सहाव्या पावलाचा फरक शून्य आहे. समीकरणाने शिखर ५.५ वर येते आणि तिथे प्राप्ती ६०.५ असते. म्हणजे ३ आणि ४ वर नफा सारखा येण्याची जी गंमत @वहीतली_शंका यांना दिसली, तीच इथे प्राप्तीच्या स्तंभातही दडलेली आहे. शिखर बरोबर दोन पूर्ण आकड्यांच्या मधोमध पडले की त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी सारख्या उंचीवर असतात, कारण अन्वस्त शिखराभोवती सममित असतो. नफ्याचे समीकरण मांडा:

```
नफा = -2Q^2 + 14Q - 10
Q = 3    ->  14
Q = 3.5  ->  14.5
Q = 4    ->  14
```

तुमच्या वेळेला मात्र शून्य किंमत लावू नका, ती तुम्हीच पहिल्या प्रतिसादात मोजली होती.

---

तपासनीस

मी काही वर्षे या विषयाच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. वरची चर्चा योग्य आहे, पण विद्यार्थ्याने शेवटी कागदावर काय लिहायचे? आम्हाला दिलेल्या नमुना उत्तरांत, सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्च समान असलेली शेवटची ओळ घ्यावी, अशीच प्रथा होती. त्या प्रथेप्रमाणे ४ हे उत्तर योग्य आहे. त्यात अर्थही आहे: चौथ्या नगाने नफा घटत नाही, मग तो न विकण्याचे कारण काय? शिवाय ग्राहकांना किंमत १६ ऐवजी १४ पडते.

---

अर्धवर्तुळ

ग्राहकांचे हित मक्तेदाराच्या नफ्याच्या गणितात कुठून आले? नफा सारखाच असेल तर ३ नगांना ३४ खर्च गुंतवावा लागतो आणि ४ नगांना ४२. कमी पैसा अडकवून तेवढाच नफा मिळत असेल तर कोणीही ३ च निवडेल.

---

तपासनीस

पैसा अडकवण्याचा मुद्दा आणायचा असेल तर त्या पैशाचा मोबदला सीमांत खर्चातच धरलेला असायला हवा. तो धरूनच सीमांत खर्च ८ झाला असे मानले, तर पुन्हा दोन्ही समान. तुम्ही एकच खर्च दोनदा मोजत आहात.

---

अर्धवर्तुळ

तो धरलेला आहे असे प्रश्नात कुठे लिहिले आहे? आणि प्रथा म्हणजे कारण नव्हे.

---

खडू_आणि_फळा

हा वाद गणिताने सुटणार नाही, कारण गणिताच्या दृष्टीने ३ आणि ४ यांत खरोखरच फरक नाही. मी स्वतः विद्यार्थ्यांना दोन्ही उत्तरे लिहायला सांगत असे आणि शेजारी दोन्ही ठिकाणचा नफा दाखवायला सांगत असे. एकच आकडा मागणाऱ्या परीक्षकापुढे हे कितपत चालेल, हे तपासनीसच सांगू शकतील.

किंमतीबाबत मात्र दोन मते नाहीत. ४ लिहिले तर किंमत १४ लिहावी. कित्येक जण सीमांत प्राप्ती ८ आहे म्हणून किंमतही ८ लिहितात. छेदबिंदू मिळाला की तिथून वर मागणीच्या रेषेपर्यंत जायचे आणि किंमत तिथे वाचायची. ती ८ लिहिली तर ४ नगांची प्राप्ती ३२ येते, खर्च ४२ आहे, आणि नफ्याच्या जागी १० चा तोटा दिसतो. तेवढ्यावरून चूक पकडता येते.

---

वहीतली_शंका

मला ३ आणि ४ चे समजले. ३.५ चे अजून पूर्ण समजलेले नाही. अर्धा नग विकता येत नसेल तर ते उत्तर निरर्थक आहे, असे धरायचे का? की एका आठवड्यात ३ आणि दुसऱ्या आठवड्यात ४ विकले, म्हणजे सरासरी ३.५ झाले, असे म्हणता येईल?

---

खडू_आणि_फळा

सरासरीचा विचार चांगला आहे, पण तुम्ही मांडला तसा तो चालत नाही. तक्ता एका आठवड्याचा आहे असे समजा. एका आठवड्यात १६ किंमतीला ३ आणि पुढच्या आठवड्यात १४ किंमतीला ४ विकले, तर दोन्ही आठवड्यांत नफा १४ च आहे, म्हणून दोन आठवड्यांचा मिळून २८ होतो. सरासरी नगसंख्या ३.५ झाली तरी १४.५ चा नफा मिळाला नाही.

तो मिळवायचा तर दोन्ही आठवडे किंमत १५ च ठेवावी लागते. त्या किंमतीला दोन आठवड्यांत मिळून ७ नग जात असतील, तर प्राप्ती १०५ होते, बदलता खर्च ५६ आणि स्थिर खर्च २०, म्हणून नफा २९ होतो. एक जास्त मिळाला. म्हणजे ३.५ चा अर्थ अर्धा नग कापून विकणे असा नसून, १५ ही किंमत धरून ठेवणे असा आहे. तक्त्यात ती किंमत दिलेलीच नाही, आणि १५ ला लोक खरेच त्या प्रमाणात घेतात की १४ होईपर्यंत चौथा माणूस हलतच नाही, हे तक्त्यावरून कळत नाही. तो हलत नसेल तर १५ ला दर आठवड्याला ३ च जातील आणि प्राप्ती ४५ होईल. मग १६ ला ३ विकणेच बरे.

---

दहाच्या_पटीत

स्थिर खर्चाबद्दल विचारायचे राहिले. तो १० ऐवजी ३० असता तर थांबण्याची जागा बदलली असती का?

---

तपासनीस

बदलली नसती. स्थिर खर्च नफ्याच्या प्रत्येक ओळीतून सारखाच वजा होतो, त्यामुळे सर्वांत मोठी ओळ तीच राहते. ३० असता तर ३ आणि ४ या दोन्हींवर ६ चा तोटा दिसला असता. तरी अल्पकाळात उत्पादन बंद करणे योग्य ठरले नसते, कारण काहीच विकले नाही तर तोटा ३० चा होतो. दीर्घकाळात तो खर्च टाळता येत असेल तर प्रश्न वेगळा.

---

वहीतली_शंका

सर्वांचे आभार. मी टिपणांच्या समासात आकृती पुन्हा काढली आहे, बिंदू ०.५, १.५, २.५ आणि ३.५ वर मांडून. रेषा आता २२ पासून निघते आणि ८ ला ३.५ वर छेदते. उत्तर लिहिताना मी पूर्ण नगांसाठी ३ किंवा ४, दोन्हींवर नफा १४, आणि किंमत अनुक्रमे १६ किंवा १४, असे लिहिणार आहे. @तपासनीस, असे लिहिले तर तुम्ही किती गुण दिले असते?

---

तपासनीस

नफ्याचा स्तंभ शेजारी असता तर पूर्ण दिले असते. नुसतेच ३ किंवा ४ लिहिले असते, तर अंदाजाने लिहिले असावे असे समजून निम्मे कापले असते. माझ्या शेजारी बसून तपासणारे सहकारी मात्र नमुना उत्तराबाहेर जात नसत, तेव्हा त्यांच्याकडे तुमचा पेपर गेला असता तर काय झाले असते, याची हमी मी देऊ शकत नाही.